मेणाचे जहाज आणि चौपटीचे गणित

(थ्रेड)

१/
सन १८७१. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्ट्समथजवळच्या समुद्रात एक चमत्कारिक दृश्य दिसत होते. 'अ‍ॅक्टिव्ह' नावाची युद्धनौका 'ग्रेहाउंड' नावाच्या दुसऱ्या युद्धनौकेला ओढत होती. ग्रेहाउंड नादुरुस्त नव्हती. तिचे इंजिन शाबूत होते, तरी ते मुद्दाम बंद ठेवलेले होते.

२/
ओढण्याची रीतही विचित्र होती. दोर अ‍ॅक्टिव्हच्या पिछाडीला बांधलेला नव्हता. तिच्या कुशीतून पंचेचाळीस फूट लांबीचा एक वासा आडवा बाहेर काढला होता आणि त्याच्या टोकाला दोर होता. पुढच्या जहाजाने घुसळलेल्या पाण्यात मागचे जहाज येऊ नये, त्याला अस्पर्श पाणी मिळावे, एवढ्यासाठी हा खटाटोप. दोरावर किती ओढ पडते, याची नोंद एक यंत्र कागदावर करत होते.

३/
हा सारा घाट साठीच्या उंबरठ्यावरच्या एका बिगरसरकारी गृहस्थाच्या शब्दाखातर घातला गेला होता. त्याचे नाव विल्यम फ्रूड. खऱ्या जहाजाला पाणी किती विरोध करील, हे घरच्या हौदात मेणाची प्रतिकृती ओढून आधीच सांगता येते, असा त्याचा दावा होता. समुद्रावरची ही ओढाताण म्हणजे त्या दाव्याची परीक्षा.

४/
दाव्याला किंमत का होती, हे समजण्यासाठी त्या काळच्या जहाजबांधणीची अडचण पाहावी लागते. शिडाच्या जहाजाला इंधन लागत नाही. वारा फुकट असतो. वाफेच्या जहाजाचे तसे नाही. अमुक वेगासाठी किती अश्वशक्तीचे इंजिन बसवावे, किती कोळसा भरावा, हे बांधणीआधीच ठरवावे लागते. ते चुकले, तर लोखंडात ओतलेली चूक दुरुस्त होत नाही.

५/
आणि हे ठरवण्याचे साधन काय? जुन्या जहाजांचा अनुभव, काही कामचलाऊ सूत्रे आणि अंदाज. त्यांच्या जोरावर बांधलेले जहाज पाण्यात उतरून धावेपर्यंत त्याचा खरा वेग कोणालाही खात्रीने सांगता येत नसे.

६/
लहान नमुने ओढून पाहण्याची कल्पना नवी नव्हती. १७७५ मध्ये फ्रान्समध्ये दालांबेर, कॉन्डॉर्से आणि बॉस्यू यांनी तसे प्रयोग केले. त्या शतकाच्या अखेरच्या दशकात लंडनच्या ग्रीनलंड गोदीत मार्क बोफॉय याने वर्षानुवर्षे निरनिराळे आकार ओढून ओझ्यांची मोजदाद केली. मोजमाप उत्तम होते. नमुन्यावरून जहाजाकडे जाणारा पूल मात्र कोणाजवळ नव्हता. दहा फुटांच्या नमुन्याला पाच पौंड ओढ लागली, तर पावणेदोनशे फुटांच्या जहाजाला किती लागेल? आणि कोणत्या वेगाला?

७/
या प्रश्नावर सर्वांत ठाम मत होते जॉन स्कॉट रसेल याचे. ब्रुनेलचे अजस्र जहाज 'ग्रेट ईस्टर्न' याच्याच कारखान्यात बांधले गेले. एडिंबराजवळच्या कालव्यात एकाकी धावत जाणारी लाट घोड्यावरून तिच्यामागे जात निरखणारा रसेल तो हाच. जहाजाची नाळ विशिष्ट वक्र रेषेत निमुळती ठेवली की लाटांचा विरोध टळतो, असा त्याचा सिद्धांत होता.

८/
रसेलने स्वतः पुष्कळ नमुने ओढून पाहिले होते आणि त्यांचे निकाल मोठ्या जहाजांशी जुळत नाहीत, हे त्याला ठाऊक होते. १८७० च्या सुमारास नौकास्थापत्यकारांच्या सभेत त्याने फ्रूडची थट्टा केली. हे प्रयोग गोड आहेत, फ्रूडला त्यातून अपार आनंद मिळेल, पण मोठ्या जहाजाशी त्यांचा काही संबंध नाही, असा त्या बोलण्याचा आशय होता. या थट्टेसाठी रसेलला इतिहासाने खलनायक ठरवू नये. जुना पुरावा त्याच्याच बाजूचा होता.

९/
आता फ्रूडकडे. जन्म १८१०, डेव्हन परगण्यातल्या डार्टिंग्टनचा. शिक्षण ऑक्सफर्डला, पुढे ब्रुनेलच्या हाताखाली रेल्वेचा अभियंता. त्याचा धाकटा भाऊ जेम्स अँथनी हा नामांकित इतिहासकार. वडिलांच्या आजारपणामुळे फ्रूडने नोकरी सोडली आणि तो घरी परतला. पुढे ब्रुनेलनेच त्याच्यापुढे प्रश्न ठेवला की, ग्रेट ईस्टर्न लाटांवर किती डोलेल? त्या प्रश्नाने फ्रूड जहाजांकडे ओढला गेला, तो कायमचा.

१०/
१८६७ मध्ये त्याने डार्ट नदीत दोन घाटांचे नमुने ओढले. एकाचे नाव 'रेव्हन', म्हणजे डोमकावळा. त्याची टोके तीक्ष्ण, रसेलच्या सिद्धांताला मानवतील अशी. दुसरे 'स्वान', म्हणजे राजहंस. त्याची टोके भरलेली, बोथट. प्रत्येक घाट तीन आकारांत केला होता: तीन फूट, सहा फूट आणि बारा फूट. वाफेच्या छोट्या होडीने जोडीजोडीने ते ओढले जात.

११/
पहिला निकाल रसेलला खटकणारा होता. कमी वेगाला रेव्हन सरस ठरे, पण वेग वाढला की बोथट स्वान तिच्यावर मात करी. म्हणजे कोणताही एक घाट सर्व वेगांना उत्तम नसतो.

१२/
दुसरा निकाल त्याहून खोल होता. तीन फुटी आणि बारा फुटी स्वान एकाच वेगाने ओढले, तर त्यांच्या लाटा एकमेकांसारख्या दिसत नसत. पण मोठा नमुना लहानाच्या बरोबर दुप्पट वेगाने ओढला, की त्याच्या कुशीवर उठणाऱ्या लाटांचे चित्र हुबेहूब लहानासारखे, फक्त चौपट मोठे दिसे. लांबी चौपट, तर वेग दुप्पट. चाराचे वर्गमूळ दोन.

१३/
याचे कारण लाटांच्या स्वभावात आहे. खोल पाण्यातली लाट जितकी लांब, तितकी वेगाने धावते, आणि तिचा वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. जहाजाबरोबर चालणाऱ्या लाटेला जहाजाचाच वेग ठेवावा लागतो. म्हणून जहाजाचा वेग ठरला की त्याच्या लाटेची लांबी ठरते.

१४/
ग्रेहाउंडची लांबी १७२ फूट ६ इंच. बारा नॉट वेगाला तिच्याबरोबर चालणारी लाट सुमारे ८० फुटांची होते, म्हणजे जहाजाच्या लांबीत दोनांहून थोड्या अधिक लाटा बसतात. आता तिचा एक-सोळांश नमुना घ्यावा. लांबी पावणेअकरा फूट. सोळाचे वर्गमूळ चार, म्हणून नमुना बाराच्या चौथ्या हिश्शाने, तीन नॉटने ओढावा. तीन नॉटची लाट सुमारे पाच फुटांची. ८० भागिले १६ म्हणजे ५. नमुन्याच्या लांबीतही दोनांहून थोड्या अधिक लाटा. चित्र तेच.

१५/
नमुना बारा नॉटनेच ओढला असता, तर काय झाले असते? पावणेअकरा फुटांच्या होडीखाली ८० फुटांची लाट आली असती. खऱ्या जहाजाला जे कधीच भोगावे लागत नाही, ते नमुन्याला भोगावे लागले असते. जुन्या प्रयोगांतला घोटाळा येथेच होता. वेगांची सांगड बरोबर घातल्याशिवाय नमुना हा जहाजाचा नमुनाच राहत नाही.

१६/
मितींच्या भाषेत हेच नेमके मांडता येते. वेग, लांबी आणि गुरुत्वत्वरण या तीन राशी अशा जुळवायच्या की मीटर, फूट, सेकंद ही सारी एकके एकमेकांना छेदून जावीत आणि निव्वळ आकडा उरावा. ती जुळणी अशी:

V / √(gL)

नमुन्याचा आणि जहाजाचा हा आकडा सारखा, तर दोघांच्या लाटा सारख्या. आकार, एकके, देश, काही बदलले तरी चालेल.

१७/
तत्त्व फ्रूडच्या आधी फ्रान्समध्ये फेर्दिनां रीच याने मांडले होते. १८५२ मध्ये ते छापलेही गेले. मग श्रेय फ्रूडला का? कारण लाटांचे हे अर्धेच उत्तर आहे, आणि दुसऱ्या अर्ध्याचा पाठपुरावा करून हिशेब शेवटाला नेला तो फ्रूडने.

१८/
दुसरा अर्धा भाग म्हणजे घर्षण. पाणी जहाजाच्या अंगाला चिकटते आणि जहाजाला ते ओढत न्यावे लागते. यावर पाण्याच्या चिकटपणाची, म्हणजे श्यानतेची सत्ता चालते, गुरुत्वाची नाही. श्यानतेचा विचार करून तसाच एक निव्वळ आकडा काढला, तर तो वेग गुणिले लांबी भागिले श्यानता असा येतो. घर्षणही तंतोतंत सारखे हवे, तर हा आकडा जुळला पाहिजे.

१९/
आणि येथे कोंडी होते. लाटा जुळवायच्या, तर सोळापट लहान नमुना चौपट हळू ओढला पाहिजे. घर्षण जुळवायचे, तर त्याच पाण्यात तो सोळापट वेगाने ओढला पाहिजे. बारा नॉटसाठी १९२ नॉट! दोन्ही एकदम साधायचे, तर नमुना पाण्यापेक्षा चौसष्ट पटीने कमी श्यान अशा द्रवात ओढावा लागेल. असा द्रव नाही. एका पाण्यात दोन नियम एकाच वेळी पाळता येत नाहीत.

२०/
फ्रूडच्या काळी दुसऱ्या आकड्याला नावही नव्हते, पण कोंडी त्याला कळली होती. त्याने ती सोडवली नाही, वळसा घातला. रोधाचे दोन हिस्से करावेत: घर्षणाचा एक, उरलेला, मुख्यतः लाटांचा, दुसरा. नमुना ओढावा तो लाटांच्या नियमाने. घर्षण स्वतंत्रपणे मोजून त्यातून वजा करावे. उरलेला हिस्सा लाटांच्या नियमाने मोठा करावा. मग पूर्ण आकाराचे घर्षण वेगळे काढून त्यात मिळवावे.

२१/
पण पूर्ण आकाराचे घर्षण काढायचे कशावरून? पुढे आपल्या हौदात फ्रूडने पातळ फळ्या उभ्या धरून ओढल्या. पातळ फळी लाट जवळजवळ उठवत नाही, म्हणून तिला जो विरोध होतो तो घर्षणाचाच. फळ्या दोन फुटांपासून पन्नास फुटांपर्यंत. कोणाला वार्निश, कोणाला मेण, कोणाला सुती कापड, कोणावर वाळू चिकटवलेली.

२२/
सेकंदाला दहा फूट वेगाने वार्निशच्या दोन फुटी फळीवर दर चौरस फुटाला सरासरी ०.४१ पौंड घर्षण आले. पन्नास फुटी फळीवर ते ०.२५ पौंडांवर उतरले. पृष्ठभाग तोच, वेग तोच, आणि घर्षण दर चौरस फुटाला इतके कमी! कारण फळीच्या पुढच्या भागाने पाण्याला आधीच गती दिलेली असते. मागच्या भागाला अर्धवट सोबत चालणारे पाणी भेटते, आणि ते कमी अडवते.

२३/
वेगाबद्दलही एक बारकावा निघाला. घर्षण वेगाच्या वर्गाने वाढते, असा समज होता. लांब वार्निश फळीवर ते वेगाच्या १.८३ घाताने वाढले. फरक क्षुल्लक वाटतो, पण नमुन्यावरून जहाजावर उडी घेताना तो टनांत मोजावा लागतो.

२४/
आता सारा हिशेब एकदा करून पाहावा. पुढचे आकडे सोयीसाठी गोल केलेले आहेत, मात्र ग्रेहाउंडच्या मापांना धरून आहेत. समजा, एक-सोळांश नमुन्याला तीन नॉट वेगाला एकूण ६ पौंड ओढ लागली. फळ्यांच्या कोष्टकावरून त्यात घर्षण निघाले अडीच पौंड. उरले साडेतीन पौंड, ते लाटांचे.

२५/
लाटांचा हिस्सा मोठा करताना सोळाचा घन घ्यायचा, म्हणजे ४०९६. का? लाटांचा रोध म्हणजे पाण्याच्या उंचसखलपणाने येणारा दाब गुणिले क्षेत्रफळ. लाटेची उंची सोळापट, म्हणून दाब सोळापट. क्षेत्रफळ सोळाचा वर्ग, २५६ पट. गुणाकार ४०९६. साडेतीन पौंडांचे झाले १४,३३६ पौंड, म्हणजे ६.४ टन. (२२४० पौंडांचा इंग्रजी टन.)

२६/
घर्षण मात्र ४०९६ पटीने वाढत नाही. क्षेत्रफळ २५६ पट खरे, पण चौपट वेगाचा १.८३ वा घात सोळा येत नाही, साडेबाराच्या आसपास येतो. शिवाय लांब जहाजावर दर चौरस फुटाचे घर्षण कमी, हे फळ्यांनी शिकवलेच आहे. कोष्टक लावले की पूर्ण जहाजाचे घर्षण सुमारे ६४०० पौंड, म्हणजे २.९ टन येते. एकूण ९.३ टन.

२७/
हिस्से न पाडता सरसकट सहा पौंडांना ४०९६ ने गुणले असते, तर उत्तर ११ टन आले असते. पावणेदोन टनांची चूक, आणि ती जहाज जितके मोठे तितकी वाढत जाणारी. रसेलला जी विसंगती खुपत होती, तिच्यातला एक अंश हा होता. वेगाची चुकीची सांगड हा दुसरा आणि बहुधा मोठा.

२८/
ही पद्धत घेऊन फ्रूड १८६८ च्या अखेरीस ब्रिटिश नौदलाचा मुख्य जहाजरचनाकार एडवर्ड रीड याच्याकडे गेला. दरम्यान ब्रिटिश असोसिएशनची एक समिती याच प्रश्नावर बसली होती. १८६९ च्या अहवालात तिने नमुन्यांना बाजूला सारून खरी जहाजे ओढून पाहण्याची शिफारस केली. समितीत फ्रूड स्वतः होता. त्याने आपले वेगळे मत लिहून अहवालाला जोडले.

२९/
रीड मात्र पटला. १८७० च्या आरंभी अ‍ॅडमिरल्टीने दोन हजार पौंड मंजूर केले. फ्रूडने आपल्या श्रमाचा मोबदला घेतला नाही. टॉर्की येथे चेल्स्टन क्रॉस या त्याच्या घराशेजारी छताखाली हौद खोदला गेला: लांबी २७८ फूट, रुंदी ३६ फूट, खोली १० फूट. ज्या आरमाराच्या एकेका जहाजाला लाखो पौंड लागत, त्याने त्यांच्या भवितव्याचा शोध दोन हजारांत लावायला घेतला. हा व्यवहार स्वस्तातला म्हणावा लागेल.

३०/
नमुन्यासाठी फ्रूडने पॅराफिन मेण निवडले. ते पाणी पीत नाही, त्यामुळे वजन बदलत नाही. मऊ असल्याने झटकन कापता येते. नवा घाट हवा असेल, तर जुना वितळवून पुन्हा ओतता येतो. मातीच्या साच्यात मेण ओतून पोकळ ठोकळा करत. मग फ्रूडने घडवलेल्या यंत्रात एक टोक जहाजाच्या नकाशावरील रेषेवरून फिरे आणि फिरती पाती ठोकळ्यावर त्याच रेषा कोरत. शेवटचा हात माणूस फिरवी.

३१/
हौदावर रूळ टांगलेले होते. त्यांवरून धावणारा गाडा वाफेच्या इंजिनाने दोराने ओढला जाई. नमुना गाड्याखाली पाण्यात असे. तो स्वतः तरंगत असे, गाडा त्याला फक्त पुढे नेई. त्यांच्या मधल्या स्प्रिंगचा ताण मोठा करून फिरत्या नळकांड्यावरच्या कागदावर उमटे. त्याच कागदावर वेळ आणि अंतराच्या खुणा पडत. एकसारखा वेग टिकवणे ही सारी मेख. वेग डळमळला, की स्प्रिंग रोधाऐवजी नमुन्याची जडता मोजू लागते.

३२/
आता पुन्हा पोर्ट्समथच्या समुद्रावर. हौद हाती येत असतानाच अ‍ॅडमिरल्टीने ११५७ टनांची ग्रेहाउंड खऱ्या परीक्षेसाठी दिली. निरनिराळ्या वेगांना दोरावरची ओढ मोजली गेली. दहा नॉटला रोध ४.७ टन आला. बारा नॉटला ९ टन. वेग अवघा पाचव्या हिश्शाने वाढला आणि रोध जवळजवळ दुप्पट झाला. घर्षणाने एवढी उडी घेतली नसती. ही लाटांची करामत होती.

३३/
मग ग्रेहाउंडचा एक-सोळांश नमुना टॉर्कीच्या हौदात ओढला गेला. नमुन्यावरून काढलेली वक्ररेषा आणि जहाजावर मोजलेली वक्ररेषा एकाच कागदावर काढल्या, तेव्हा त्या एकसारख्या चढत गेल्या. चढ, वळण, वेगासरशी होणारी ती अचानक वाढ, सारे जुळले. हे निकाल १८७४ मध्ये जाहीर झाले आणि थट्टेचा सूर बंद पडला.

३४/
पण दोन्ही रेषा एकमेकींवर पूर्ण बसल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. खऱ्या जहाजाचा रोध भाकितापेक्षा थोडा जास्त आला. फ्रूडने जहाजाच्या बुडाकडे बोट दाखवले. ग्रेहाउंडच्या तांब्याच्या अस्तराला खडबडीतपणा आला होता. वार्निशच्या गुळगुळीत पृष्ठभागाचे घर्षण धरल्याने भाकीत कमी पडले. कापड चिकटवलेल्या फळ्यांचे आकडे काही अंशी मिसळून त्याने फरकाचा मेळ घातला. या खडबडीतपणाचा हिशेब आजही प्रत्येक भाकितात वेगळा मिळवावा लागतो.

३५/
याच चाचणीतून एक अनपेक्षित गोष्ट बाहेर पडली. ग्रेहाउंडला एखाद्या वेगाने ओढायला प्रत्यक्ष जेवढी शक्ती लागे, तिच्या दुपटीहून अधिक शक्ती त्याच वेगासाठी तिच्या इंजिनात खर्ची पडे. म्हणजे कोळशातून निघालेल्या शक्तीपैकी निम्म्याहून जास्त वाट चुकत होती, यंत्राच्या घर्षणात आणि पंख्याच्या गळतीत. जहाजांचा आकार सुधारायला निघालेल्या माणसाने यंत्रशाळेचीही झाडाझडती घेतली.

३६/
फ्रूडची पद्धत कोठे फसते? सर्वांत आधी लहानपणात. नमुना फार छोटा किंवा हळू असेल, तर त्याच्या अंगावरून पाणी शांत थरांनी सरकते. मोठ्या जहाजावर मात्र ते नेहमी भोवऱ्यांनी घुसळलेले असते. शांत थरांचे घर्षण कमी, म्हणून नमुना खोटे गोड बोलतो. डार्ट नदीतले तीन फुटी नमुने या सापळ्याच्या अगदी जवळ होते.

३७/
हा दोष ओळखता येतो. कमी वेगाला रोधाची रेषा अपेक्षेपेक्षा खाली झुकते, आणि तोच प्रयोग पुन्हा केला की आकडा वेगळा येतो, कारण शांत प्रवाह मध्येच कोठे मोडेल याचा भरवसा नसतो. म्हणून पुढे नाळेजवळ बारीक तार किंवा वाळूची पट्टी लावून पाणी मुद्दाम घुसळण्याची रीत पडली. उलट नमुना हौदाच्या मानाने फार मोठा असेल, तर भिंती आणि तळ प्रवाहाला आवळतात आणि रोध फुगतो.

३८/
आणखी एक मर्यादा मुळातच आहे. घर्षण आणि लाटा खरोखर इतक्या सुट्या नसतात. वक्र अंगावरचे घर्षण सपाट फळीइतकेच असते, हे गृहीतक सोयीचे आहे, अचूक नाही. पिछाडीला उठणारे भोवरे तर श्यानतेचे अपत्य आहेत, पण फ्रूडच्या हिशेबात ते लाटांच्या खात्यावर पडतात. पुढच्या शतकात घर्षणाची कोष्टके बदलली, आकाराची दुरुस्ती आली. वजाबाकी-बेरजेची चौकट मात्र तीच राहिली.

३९/
हाच नियम पुण्याजवळ खडकवासल्यालाही पाळला जातो. १९१६ मध्ये मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे खात्याने सुरू केलेल्या कामातून उभी राहिलेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था तेथे धरणांचे आणि नद्यांचे नमुने बांधते. तेथेही पाण्याला मोकळा पृष्ठभाग असतो आणि गुरुत्वाची सत्ता असते. १:६४ च्या नमुन्यात वेग आठपट कमी, पण अंतर चौसष्टपट कमी, म्हणून काळ आठपट भराभर धावतो. नदीवरचा एक दिवसाचा पूर तेथे तीन तासांत ओसरतो.

४०/
फ्रूडला फार काळ मिळाला नाही. १८७९ मध्ये 'बोडिसिया' या युद्धनौकेवरून तो दक्षिण आफ्रिकेला गेला आणि ४ मे रोजी सायमन्सटाउन येथे अतिसाराने वारला. नौदलाने त्याचे दफन लष्करी मानाने केले. हौद मुलाने, रॉबर्ट एडमंड फ्रूडने, चालवला. १८८६ मध्ये तो काम घेऊन गॉस्पोर्टजवळ हॅस्लर येथे नव्या हौदावर गेला. १८८३ मध्ये स्कॉटलंडात डंबार्टन येथे डेनी कंपनीने स्वतःचा हौद बांधला होता. खासगी कारखान्याचा तो पहिला. स्पर्धेत टिकायचे तर नमुना आधी ओढा, ही गोष्ट आता व्यापाऱ्यांनाही कळली होती.

४१/
त्याच १८८३ मध्ये मँचेस्टरला ऑस्बर्न रेनॉल्ड्सने काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची धार सोडली. एका मर्यादेपर्यंत धार सरळ राही, मग एकाएकी विस्कटे. ही मर्यादा वेग, नळीचा व्यास आणि श्यानता यांच्या एका जुळणीने ठरते, हे त्याने दाखवले. फ्रूडला ज्या दुसऱ्या नियमाला वळसा घालावा लागला होता, त्याचा आकडा आता मोजला गेला. पुढे रॅली आणि १९१४ मध्ये अमेरिकेतला बकिंगहॅम यांनी अशा निव्वळ आकड्यांची गणती कोणत्याही प्रश्नात कशी करावी, याची रीत घालून दिली.

४२/
लाटांच्या आकड्याला नाव मिळाले ते १९१९ मध्ये. बर्लिनमधला प्राध्यापक मॉरिट्झ वेबर याने समरूपतेवरच्या लेखात लाटांच्या आकड्याला फ्रूडचे नाव दिले आणि श्यानतेच्या आकड्यासाठी रेनॉल्ड्सचे नाव वापरले. फ्रूडच्या मृत्यूला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती. एका हौदात जे दोन आकडे कधीच एकत्र जुळत नाहीत, ते एकाच लेखात शेजारी छापले गेले.